‘वाळली’, ‘वाळवली’ की ‘वाळवण्यात आली’? शोधनिबंधाच्या कार्यपद्धतीचा अनुवाद करताना वारंवार येणारी अडचण

अडचण अशी दिसते. इंजिनिअरिंगच्या शोधनिबंधातला कार्यपद्धतीचा भाग मराठीत आणायला बसले की दुसऱ्या परिच्छेदापर्यंत प्रत्येक वाक्य ‘करण्यात आले’, ‘घेण्यात आली’, ‘ठेवण्यात आला’ असे संपू लागते. मूळ इंग्रजीशी ताडून पाहिले तर एक शब्द सुटलेला नसतो, व्याकरणही कुठे मोडलेले नसते. तरी तो कागद घेऊन प्रयोगशाळेत उभा राहिलेला माणूस अडतो. हे कोणी केले, की आपोआप झाले, की आधीपासूनच तसे होते, हे त्याला वाक्यावरून कळत नाही.

मी फोंडा तालुक्यात राहते. रस्त्यांच्या कामावरचे कनिष्ठ अभियंते आणि माती तपासणाऱ्या लहान प्रयोगशाळांतले साहाय्यक यांच्यासाठी असे निबंध मराठीत आणते. खाली घेतलेले उदाहरण गोव्याच्या ओळखीच्या मातीचे आहे. जांभ्याच्या लाल मातीत चुना मिसळून ती रस्त्याच्या पायाखाली वापरता येईल का, हे तपासणाऱ्या एका निबंधाचा हा भाग. माझा पहिला खर्डा असा होता:

‘मातीचे नमुने एक मीटर खोलीवरून गोळा करण्यात आले. ते वाळवण्यात आले व ४.७५ मिमीच्या चाळणीतून चाळण्यात आले. कोरड्या मातीच्या वजनाच्या ४ टक्के चुना व पाणी मिसळण्यात आले आणि मिश्रण २४ तास ठेवण्यात आले. त्यापासून ३८ मिमी व्यासाचे व ७६ मिमी उंचीचे नमुने तयार करण्यात आले. ते सात दिवस क्युअर करण्यात आले. प्रूव्हिंग रिंग कॅलिब्रेट करण्यात आली. नमुना फुटेपर्यंत भार वाढवण्यात आला व नोंदी घेण्यात आल्या.’

सात वाक्यांत दहा वेळा ‘ण्यात आले’. कानाला कंटाळवाणे वाटते हा त्यातला लहान दोष. मोठा दोष असा की हे वाचून प्रयोग पुन्हा करता येत नाही. हा खर्डा मी एका ओळखीच्या प्रयोगशाळा साहाय्यकाला दिला. त्याने पहिला प्रश्न विचारला, “वाळवण्यात आली म्हणजे ओव्हनमध्ये ना?” दिवस जुलैचे होते. गोव्यात जून ते सप्टेंबर माती सावलीत पसरली तर वाळायचे नाव घेत नाही, त्यामुळे त्याचे मन सरळ ओव्हनकडे गेले. मूळ निबंधात माती हवेवर वाळवलेली होती. लेखकांनी ते आधीच्या एका वाक्यात लिहिले होते आणि या वाक्यात नुसते ‘वॉज ड्राइड’ म्हटले होते.

जांभ्याच्या मातीत हा फरक साधा नाही. तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियमची पाणी धरून ठेवणारी ऑक्साइडे असतात. १०५ ते ११० अंशांच्या ओव्हनमध्ये ते पाणी निघून जाते, मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पुन्हा भिजवले तरी पूर्ववत होत नाहीत. तीच माती मग कमी चिकण असल्यासारखी वागते, तिची द्रवसीमा, म्हणजे ज्या ओलाव्याला ती पातळ होऊन वाहू लागते तो, खाली येते. म्हणजे क्रियापदाने ‘कसे’ सांगितले नाही की पुढचे सगळे आकडे वेगळ्या मातीचे होऊन बसतात.

मूळ कारण कुठे आहे

इंग्रजीत ‘आम्ही माती वाळवली’ या वाक्यातून ‘आम्ही’ काढून टाकायचे तर क्रियापदाचे रूपच बदलावे लागते. त्यासाठीच तो ‘वॉज ड्राइड’. मराठीत ही गरज मुळातच नाही. ‘मी माती वाळवली’, ‘त्याने माती वाळवली’, ‘मुलींनी माती वाळवली’: कर्ता कोणीही असो, भूतकाळात सकर्मक क्रियापद मातीच्या मागून चालते. ‘नमुने वाळवले’, ‘वाळू वाळवली’, ‘मिश्रण वाळवले’. शाळेत ज्याला कर्मणी प्रयोग म्हणून शिकवले तो हाच. आता कर्ता उचलून बाजूला ठेवा. ‘माती वाळवली’ एवढे उरते आणि वाक्य पुरे असते.

म्हणजे इंग्रजी लेखक पॅसिव्ह वापरून जे साधतो ते मराठीच्या साध्या भूतकाळात आधीच साधलेले असते. त्यावर ‘ण्यात आली’ चढवणे म्हणजे कर्मणीवर आणखी एक कर्मणी. हे आपल्या लवकर लक्षात येत नाही, कारण ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांना प्रत्यय दिसत नाही. ‘मी आलो’ आणि ‘मी वाळवली’ यांतला ‘मी’ वरून सारखाच दिसतो. कोंकणीत तो फरक उघड असतो, ‘हांव आयलों’ पण ‘हांवें सुकयली’. वरचा साहाय्यक घरी कोंकणी बोलणारा. तुम्ही स्वतः हे काम कसे सांगाल असे त्याला विचारले तर तो पटकन म्हणाला, “पयलीं माती सुकयली, मागीर कुटली.” कर्ता नाही, ‘ण्यात’ नाही, आणि क्रम स्पष्ट. मराठीतही आपण तोंडी असेच सांगतो. लिहायला बसलो की मात्र परिपत्रकाची भाषा हातात येते.

म्हणून माझा पहिला नियम असा आहे की ‘वॉज’ दिसला की आधी नुसता भूतकाळ लिहून पाहायचा. ‘गोळा केले’, ‘चाळली’, ‘मोजले’. बहुतेक वाक्ये तिथेच सुटतात. जी सुटत नाहीत तिथे खरी गाठ असते, आणि ती सोडवायला इंग्रजी वाक्य पुरेसे नसते. यंत्र आणि माती डोळ्यांसमोर आणावी लागते.

केले, झाले, की होते?

मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत: वाळणे आणि वाळवणे, वाढणे आणि वाढवणे, फुटणे आणि फोडणे, भिजणे आणि भिजवणे. जोडीतले एक रूप निवडले की माणसाचा हात लागला की नाही हे आपण ठामपणे सांगून टाकतो. इंग्रजी लेखक अनेकदा हे सांगत नाही, किंवा सैलपणे सांगतो. खर्ड्यातले ‘भार वाढवण्यात आला’ हे वाक्य घ्या. मी ते बिनदिक्कत लिहिले, कारण मुळात ‘वॉज इन्क्रीज्ड’ होते.

पण अशा मातीच्या दंडगोलाची अबंदिस्त दाबचाचणी कशी चालते ते पाहा. यंत्राची खालची थाळी ठरलेल्या वेगाने वर सरकते. या निबंधात तो वेग मिनिटाला १.२५ मिमी होता. भार कोणी वाढवत नाही. नमुना जितका विरोध करतो तितका भार प्रूव्हिंग रिंगवर दिसतो. तो वाढत जातो, शिगेला पोचतो आणि नमुना चिरला की उतरू लागतो. इथे माणसाने ठरवलेली गोष्ट वेग ही आहे आणि भार हे उत्तर आहे. ‘भार वाढवला’ असे लिहिले तर वाचणारा काँक्रीटच्या ठोकळ्याची चाचणी डोळ्यांसमोर आणतो. तिथे खरेच भार ठरलेल्या गतीने वाढवतात, दर मिनिटाला प्रति चौरस मिलिमीटर सुमारे १४ न्यूटन. दोन्हीकडे इंग्रजी क्रियापद एकच, मराठीत दोन. मातीसाठी ‘भार वाढत गेला’, काँक्रीटसाठी ‘भार वाढवत नेला’.

इथे चूक झाली आहे का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे वाक्यातला वेग कोणत्या एककात दिला आहे ते बघणे. मिलिमीटर प्रति मिनिट असेल तर सरकणे माणसाच्या हातात होते आणि भार ‘वाढला’. न्यूटन किंवा किलोन्यूटन प्रति सेकंद किंवा प्रति मिनिट असेल तर भारच ‘वाढवला’.

तिसरी शक्यता ‘होते’ची. खर्ड्यातली प्रूव्हिंग रिंग घ्या. ‘प्रूव्हिंग रिंग कॅलिब्रेट करण्यात आली’ हे वाक्य क्रमाने आलेल्या कामांच्या मधोमध बसले आहे, त्यामुळे दर वेळी नमुना लावण्याआधी रिंग कॅलिब्रेट केली असा अर्थ निघतो. प्रत्यक्षात रिंग प्रमाणपत्रासह आधीच कॅलिब्रेट करून आणलेली होती. हे काम प्रयोगाच्या ओघातले नाही, प्रयोग सुरू होतानाची ती स्थिती आहे. इंग्रजीचा ‘वॉज’ दोन्ही अर्थ एकाच रूपात झाकतो. मराठीत घडलेल्या कामाला ‘केली’ आणि आधीपासूनच्या स्थितीला ‘केलेली होती’ अशी दोन वेगळी रूपे आहेत. उपकरणांच्या वर्णनात हे सतत लागते. सेन्सर मध्यउंचीवर ‘बसवलेला होता’, झडप ‘बंद होती’, टाकी नळाला ‘जोडलेली होती’. तपासणीसाठी एक युक्ती आहे. वाक्याआधी ‘मग’ घालून वाचायचे. ‘मग झडप बंद केली’ हे खरे असेल तर काम, नसेल तर स्थिती.

‘गेले’चा धोका

‘ण्यात आले’ टाळायचे म्हणून काहीजण सगळीकडे ‘वाळवले गेले’, ‘मोजले गेले’ लिहितात. माझ्या मते हा त्याहून वाईट उपाय आहे. मराठीत ‘गेले’ लागले की नकळत घडल्याची, हातून सुटल्याची छटा येऊ शकते. ‘रागात बोलले गेले’, ‘चुकून पाणी जास्त घातले गेले’. कार्यपद्धतीत ‘पाणी घातले गेले’ वाचणाऱ्याला क्षणभर तो अपघात वाटतो. हे रूप मी फक्त खऱ्या अपघातासाठी राखून ठेवते. ‘दोन नमुने साच्यातून काढताना मोडले गेले, म्हणून ते हिशेबात धरले नाहीत.’ तिथे ते अगदी चपखल बसते.

‘ऊन’ची साखळी कुठे तुटते

एका इंग्रजी वाक्यात चार-पाच कामे ओळीने आली की मराठीला ‘ऊन’ फार सोयीचे. ‘माती सावलीत पसरून, वाळवून, लाकडी मोगरीने कुटून ४.७५ मिमीच्या चाळणीतून चाळली.’ एकच मुख्य क्रियापद, बाकी सगळे त्याच्याकडे वाहत येणारे. पण या साखळीला दोन अटी आहेत आणि दोन्ही न सांगता पाळाव्या लागतात.

पहिली अट अशी की साखळीतली सगळी कामे एकाच हाताची असली पाहिजेत. मध्येच मातीने स्वतःहून काही केले तर साखळी तुटते. ‘चुना आणि पाणी घालून, मुरून, नमुने तयार केले’ हे मराठी कानाला लगेच खटकते. चुना घालणारे आपण, मुरणारे मिश्रण. इथे ‘मुरल्यावर’ किंवा ‘मुरू देऊन’ हवे. ‘मुरू दिले’ हे रूप मला विशेष उपयोगी वाटते, कारण माणसाने वेळ दिला आणि काम पदार्थाने केले या दोन्ही गोष्टी त्यात येतात. खर्ड्यात मी ‘ठेवण्यात आले’ लिहिले होते. चुना घातलेले मिश्रण २४ तास नुसते ठेवायचे नव्हते. चुन्याची मातीशी क्रिया सुरू व्हावी, ढेकळे मऊ पडावीत म्हणून ते पिशवीत बंद करून मुरत ठेवायचे होते. ‘थंड होऊ दिले’ याच जातीचे. भट्टी बंद करून नमुना आपोआप निवला तर ‘थंड होऊ दिला’, पंखा लावला किंवा पाण्यात बुडवला तरच ‘थंड केला’.

दुसरी अट वेळेची. ‘ऊन’ दोन कामांमधले अंतर गिळून टाकते. ‘ठोकळे साच्यातून काढून पाण्यात ठेवले’ म्हणजे लगेच ठेवले असेच कोणीही समजेल. मध्ये काही तास गेले असतील तर वाक्य तोडायचे आणि तास लिहायचे.

कर्ता नकळत मागच्या वाक्यातून येतो

साध्या भूतकाळाची एक कमजोरी मला उशिरा कळली. कर्ता न लिहिलेले वाक्य मागच्या वाक्याचा कर्ता ओढून घेते. त्याच निबंधात एक जागा अशी होती: ‘पूर्वीच्या अभ्यासकांनी नमुने पाण्यात बुडवून तपासले होते. नमुने पिशवीत बंद करून सात दिवस ठेवले.’ दुसरे वाक्य या लेखकांच्या कामाचे होते, पण वाचताना तेही पूर्वीच्या अभ्यासकांच्याच खात्यावर जमा होते. इंग्रजीत हा घोटाळा होत नाही, कारण पॅसिव्ह मागच्या कर्त्याशी नाते तोडून टाकतो. अशा ठिकाणी मी सरळ ‘आम्ही’ लिहिते, किंवा ‘या अभ्यासात’ने वाक्य सुरू करते. मूळ लेखकाने ‘आम्ही’ टाळले आहे म्हणून अनुवादातही टाळायलाच हवे असे मला वाटत नाही. मराठीत ‘आम्ही’ने वाक्याचा अधिकार कमी होत नाही आणि जबाबदारी स्पष्ट होते.

क्युअरिंगचे मात्र क्रियापदापेक्षा शब्दातच अडले होते. कामावरच्या माणसाला क्युअरिंग म्हणजे पाणी मारणे. चुना-मातीच्या नमुन्यावर पाणी मारले तर तो विरघळायला लागेल. म्हणून ‘क्युअर केले’ एवढ्यावर न थांबता ‘ओल जाऊ नये म्हणून पिशवीत बंद ठेवले’ असे लिहिले.

मूळ लेखकाने सांगितलेच नसेल तर

हा प्रश्न शेवटी उरतोच. हवेवर की ओव्हनमध्ये, हे निबंधात कुठेच नसेल तर अनुवादकाने स्वतःच्या अंदाजाने भरू नये. तेव्हा मी क्रियापदाऐवजी विशेषण वापरते: ‘कोरडी माती घेतली.’ ‘वाळलेली’ म्हटले तर आपोआप, ‘वाळवलेली’ म्हटले तर कोणीतरी, पण ‘कोरडी’ काहीच ठरवत नाही. मिसळणे, बदलणे, उघडणे यांसारखी काही क्रियापदेही दोन्हीकडे चालतात, ‘झडप उघडली’ दोन्ही अर्थांनी बरोबर आहे, तीही अशा वेळी कामी येतात. आणि लेखकाला पत्र पाठवायचे. ‘वाळवण्यात आली’ या रूपात मात्र संदिग्धता टिकत नाही. ते मुद्दाम कोणीतरी केले असे सांगते आणि कसे ते सांगत नाही.

‘ण्यात आले’ मी पूर्ण टाकून दिलेले नाही. करणारा लेखकांपैकी नसून एखादी यंत्रणा असेल तिथे ते आपल्या घरी असते: ‘चाचणीच्या काळात रस्त्याचा हा टप्पा वाहतुकीला बंद ठेवण्यात आला होता.’ रस्ता लेखकांनी बंद केला नाही, आणि कोणी केला हे इथे महत्त्वाचे नाही. काम संपल्यावर मी फाइलमध्ये Ctrl+F ने `ण्यात आल` शोधते आणि प्रत्येक जागी विचारते की हे त्या रस्त्यासारखे आहे का. नुसते `ण्यात आ` शोधू नका, ‘वाळवण्यात आणि चाळण्यात’ असल्या जागाही त्यात सापडतात.

एक चूक मात्र उलट दिशेची आहे आणि ती प्रयोगशाळेची पुस्तिका वाचून सवय झालेल्यांकडून होते. ते ‘माती तीन थरांत ठोकतात’ किंवा ‘ठोकावी’ असे लिहितात. निबंध सूचना देत नाही, झालेले सांगतो. मानकातले कलम सांगायचे असेल तर वर्तमानकाळ: ‘आयएस २७२० च्या भाग ७ नुसार २.६ किलोचा हॅमर ३१० मिमी उंचीवरून सोडतात आणि प्रत्येक थराला २५ ठोके देतात.’ लेखकांनी केले ते भूतकाळात: ‘तीन थरांत, प्रत्येकी २५ ठोके देऊन माती ठोकली.’ दोन्ही एका काळात लिहिले तर लेखकांनी मानक कुठे पाळले आणि कुठे सोडले हे वाचणाऱ्याला शोधता येत नाही.

सुधारलेला परिच्छेद मी त्याच साहाय्यकाला पुन्हा वाचायला दिला:

‘एक मीटर खोलीवरून माती आणली. ती सावलीत पसरून हवेवर वाळवली, लाकडी मोगरीने कुटली आणि ४.७५ मिमीच्या चाळणीतून चाळली. कोरड्या मातीच्या वजनाच्या ४ टक्के चुना आणि पाणी घालून ती कालवली, पिशवीत बंद केली आणि २४ तास मुरू दिली. मुरल्यावर ३८ मिमी व्यासाचे, ७६ मिमी उंचीचे नमुने तयार केले. ओल जाऊ नये म्हणून ते सात दिवस पिशवीत बंद ठेवले. प्रूव्हिंग रिंग आधीच कॅलिब्रेट केलेली होती. यंत्राची थाळी मिनिटाला १.२५ मिमी या वेगाने सरकत होती. भार वाढत गेला. तो शिगेला पोचून उतरू लागेपर्यंत नोंदी घेतल्या.’

या वेळी त्याने ओव्हनबद्दल विचारले नाही. पावसाळ्यात माती सावलीत वाळायला किती दिवस लागले, असे विचारले. मूळ निबंधात ते नव्हते, म्हणून तो प्रश्न मी लेखकांना पाठवला.